आधी गाणं, मग कॅमेरा: पार्श्वगायन सेटवर प्रत्यक्ष कसं चालतं

प्रश्न: आपल्या सिनेमात नट-नट्या स्वतःची गाणी स्वतः का गात नाहीत? आणि दुसऱ्याच्या आवाजावर त्यांचे ओठ इतके बरोबर कसे जुळतात?

मी मराठी चित्रपटांच्या सेटवर साहाय्यक दिग्दर्शक म्हणून काम केलं आहे आणि गाण्यांच्या चित्रीकरणाची जबाबदारी बऱ्याचदा माझ्याकडे असायची. त्या अनुभवावरून सांगतो.

थोडक्यात उत्तर असं: गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतं. नंतर चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर मोठ्याने वाजवतात आणि नट त्यावर ओठ हलवतो. सेटवर माइक लावलाच, तरी त्यात येणारा आवाज अंतिम सिनेमात वापरत नाहीत. एकदा गाणं आणि चित्र अशी दोन वेगळी कामं झाली, की गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असायला काहीच आडकाठी उरत नाही. नटांना गाता येत नाही म्हणून पार्श्वगायन आलं असा समज आहे. खरी सुरुवात कॅमेऱ्याच्या अडचणीतून झाली.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि त्याच क्षणी आवाज फिल्मवर उमटायचा. वादक चौकटीच्या बाहेर, झाडाझुडपांमागे किंवा सेटच्या आडोशाला बसायचे. माइक मोजकेच, तेही दिसू नयेत म्हणून लपवलेले. आता यात काय काय अडतं ते बघा. नटाने माइकपासून दोन पावलं लांब जायचं नाही. मान फिरवली की आवाज पडणार. गाण्याच्या मध्येच कॅमेऱ्याची जागा बदलायची, तर नट आणि वादक सगळ्यांनी तीच ओळ त्याच लयीत, त्याच पट्टीत पुन्हा घ्यायची, नाहीतर दोन तुकडे जोडताना गाण्याला झटका बसणार. त्यामुळे गाणं लांबलचक एकाच शॉटमध्ये, नट जवळजवळ एका जागी खिळलेला, असंच घ्यावं लागायचं. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपली गाणी आपणच म्हटली. त्या काळात नटाची निवड करताना गळा हा पहिला निकष होता, आणि संगीत नाटकातून गाणारे नट तयार मिळत होते.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी एकाच कथेवर बंगालीत ‘भाग्यचक्र’ आणि हिंदीत ‘धूप छाँव’ केला. आपल्याकडच्या पार्श्वगायनाची सुरुवात साधारण याच चित्रपटांपासून मानतात. संगीत रायचंद बोराल आणि पंकज मलिक यांचं होतं, ध्वनिमुद्रणाची बाजू नितीनबाबूंचे भाऊ मुकुल बोस यांच्याकडे होती. पंकज मलिक घरी ग्रामोफोनवर लागलेल्या गाण्याबरोबर गात होते, ते नितीनबाबूंच्या कानावर पडलं आणि कल्पना सुचली, अशी आठवण सांगितली जाते. कल्पना साधी आहे. गाणं आधी शांत खोलीत, माइकच्या बरोबर समोर उभं राहून नीट रेकॉर्ड करायचं. मग सेटवर ते वाजवायचं आणि नटाने त्यावर अभिनय करायचा. आता नट पळू शकतो, झाडावर चढू शकतो, पाठ फिरवू शकतो. मुखडा एका ठिकाणी आणि अंतरा आठवड्याने दुसऱ्या ठिकाणी घेतला तरी गाणं सलगच राहणार, कारण ते आधीच एकसंध झालेलं आहे.

त्याच १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत होते आणि अर्थातच स्वतः गात होते. पद्धत बदलायला वेळ लागला. बरीच वर्षं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालल्या: गाणं आधी रेकॉर्ड करायचं, पण गाणार नटच. सैगल, सुरेंद्र, शांता आपटे, नूरजहाँ, सुरैया ही सगळी मंडळी त्या काळातली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्याचा आवाज वापरणं शक्य झाल्यावरही लगेच सगळ्यांनी तो वापरला नाही. मग नटाचा गळा मागे का पडला?

माझ्या मते याचं सर्वांत मोठं कारण रेकॉर्डिंगच्या खोलीत सापडतं. आज आपण कल्पना करतो ती म्हणजे गायक एकटा काचेमागे उभा, कानाला हेडफोन, एकेक ओळ पुन्हा पुन्हा गातोय. चाळीस ते सत्तरच्या दशकांत तसं नव्हतं. मुंबईत ताडदेवचा फेमस किंवा फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब, परळचा राजकमल अशा ठिकाणी गाणं व्हायचं. सगळा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी गायचे-वाजवायचे आणि सगळ्यांचा आवाज तिथल्या तिथे मिसळून एकत्र उमटायचा. मोठ्या गाण्याला साठ-सत्तर वादक सहज असायचे. नंतर एखादा आवाज वेगळा काढून दुरुस्त करायची सोय नाही. तिसऱ्या अंतऱ्यात गायकाचा सूर हलला, तर सगळ्यांनी पहिल्यापासून पुन्हा. एखाद्या व्हायोलिनवाल्याचं चुकलं तरीही तेच.

आता या जागी नट उभा करा. तो बरा गातो, घरी मैफलीत लोक दाद देतात. पण इथे त्याला सकाळी चाल शिकायची आहे, दुपारी वादकांबरोबर तालीम करायची आहे आणि संध्याकाळपर्यंत साडेतीन मिनिटं सलग, एकही चूक न करता गायचं आहे. शब्द स्पष्ट हवेत. श्वासाचा आवाज माइकमध्ये जाता कामा नये. वरच्या स्वरावर किंचित मागे सरकायचं, खालच्या स्वरावर जवळ यायचं, हे अंगात भिनलेलं हवं. प्रत्येक फसलेल्या टेकबरोबर स्टुडिओचं भाडं आणि साठ माणसांची बिदागी वाढत जाते. हे रोज करू शकणारी माणसं थोडीच होती: लता, आशा, रफी, मुकेश, गीता दत्त, तलत, मन्ना डे, हेमंतकुमार, पुढे किशोर. मोजक्या गळ्यांनी हजारो गाणी गायली त्याला मक्तेदारी म्हणणारेही आहेत, आणि नव्या गायकांवर अन्याय झाला यात तथ्य आहेच. पण निर्मात्याच्या बाजूने पाहिलं तर तो खात्रीचा सौदा होता. या खोलीत गोव्याच्या वादकांचा आणि अरेंजरांचा वाटा केवढा होता हेही सांगायलाच हवं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखी माणसं प्रत्येक वाद्याचं नोटेशन कागदावर लिहून देत. म्हणून तर इतके लोक एका दिवसात गाणं उभं करू शकत.

गाणारा नटसुद्धा इथे बाजूला होत असे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे १९५८ चा ‘रागिणी’. नायक किशोरकुमार. एक गाणं शास्त्रीय बाजाचं होतं. संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी ते मोहम्मद रफींकडून गाऊन घेतलं आणि पडद्यावर किशोरकुमारने रफींच्या आवाजावर ओठ हलवले. किशोरकुमारला गाता येत नव्हतं असं कोण म्हणेल? प्रश्न ते विशिष्ट गाणं कोणाच्या गळ्यात चांगलं बसेल एवढाच होता. एका सिनेमात नायकाला अंगाई, गझल, कव्वाली, भजन असं काहीही गावं लागू शकतं. एकाच माणसाचा गळा सगळीकडे तितकाच चांगला पडेल असं होत नाही. उलटी उदाहरणंही आहेत. दिलीपकुमारने १९५७ च्या ‘मुसाफिर’मध्ये सलील चौधरींकडे लताबाईंबरोबर एक गाणं गायलं. पुढे मात्र त्याने गळ्याऐवजी हातावर मेहनत घेतली: ‘कोहिनूर’साठी तो सतार शिकला, कारण पडद्यावर बोटं खोटी दिसली तर आवाज कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

सुरुवातीला निर्मात्यांना भीती होती की आवाज दुसऱ्याचा आहे हे कळलं तर प्रेक्षकांचा भ्रम तुटेल. १९४९ च्या ‘महल’मधलं लताबाईंचं गाणं तबकडीवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला विचारायला सुरुवात केली की ही गाणारी कोण. भ्रम काही तुटला नाही. उलट प्रेक्षक दोन माणसांवर वेगवेगळं प्रेम करू लागले, चेहऱ्यावर एक आणि आवाजावर दुसरं. त्यानंतर गायकांची नावं तबकड्यांवर येऊ लागली. तरी फिल्मफेअरला पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू व्हायला १९५९ साल उजाडलं, तेही लताबाईंनी आधी उघड हरकत घेतल्यावर.

आवाजाची आणि चेहऱ्याची जोडी एकदा जमली की ती सोडायला कोणी तयार नसे. दादा कोंडके लोकनाट्यात मुरलेले, पण सिनेमात त्यांचा गाता आवाज म्हणजे महेंद्र कपूर. पंजाबी माणूस अस्सल मराठी ग्रामीण ठसक्यात गातोय, हे कित्येकांच्या लक्षातही आलं नाही. रफी तर पडद्यावर कोण आहे ते विचारून गात. जॉनी वॉकरसाठी गाताना त्यांच्या आवाजातच तो किंचित नाकातला खोडकरपणा यायचा, शम्मी कपूरसाठी झटके यायचे. पार्श्वगायन हा निम्मा अभिनय आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझा खरा जीव त्यात आहे.

चित्रीकरणाआधी गाण्याची एक प्रत सेटसाठी तयार करतात. तिच्या सुरुवातीला काही ठोके किंवा ‘बीप’ घातलेले असतात, म्हणजे नटाला लय आधीच कळते. साहाय्यकाच्या कागदावर गाण्याची प्रत्येक ओळ आणि ती कितव्या सेकंदाला सुरू होते ते लिहिलेलं असतं. पूर्वी हे गाणं नाग्रा नावाच्या स्विस टेपरेकॉर्डरवर वाजायचं, म्हणून सेटवर अजूनही जुनी माणसं ‘नाग्रा’ अशीच हाक देतात, जरी आता टेबलावर लॅपटॉप असला तरी. नाग्राच वापरायचं कारण असं की साध्या टेपचा वेग थोडा कमी-जास्त होतो. साडेतीन मिनिटांत पाव सेकंद जरी इकडेतिकडे झाला तरी ओठ सुटलेले दिसतात.

क्रम असा असतो: कॅमेरा सुरू, मग गाणं सुरू, मग अभिनय. ज्या ओळीचा शॉट आहे तिच्या एक-दोन ओळी आधीपासून गाणं लावतात. थेट त्याच ओळीपासून लावलं तर नट पहिला शब्द हमखास उशिरा पकडतो. आणि नटाला आम्ही सांगतो, नुसते ओठ हलवू नका, मोठ्याने गा. बेसूर गा, काही हरकत नाही, तुमचा आवाज कोणी ऐकणार नाही. कारण गाणाऱ्या माणसाचा फक्त ओठ हलत नाही. वरच्या स्वराला मानेच्या शिरा ताणल्या जातात, ओळीच्या आधी छाती भरते, लांब स्वर संपताना खांदे उतरतात. तोंड मिटल्यासारखं कुजबुजणाऱ्या नटाच्या गळ्यात हे काहीच दिसत नाही, आणि प्रेक्षकाला कारण न कळता ते खोटं वाटतं.

ओठ जुळले की नाही हे तपासायचं तर ‘प’, ‘ब’, ‘म’ बघा. या अक्षरांना ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘आ’ किंवा ‘ए’ थोडा मागेपुढे झाला तर खपून जातो, पण ‘माझ्या’मधला ‘म’ कानाला ऐकू येतोय आणि ओठ उघडे आहेत, हे डोळा लगेच पकडतो. संकलकसुद्धा जोडताना याच अक्षरांवर चित्र आणि आवाज बसवून बघतात.

एक अडचण बाहेरच्या लोकांना कधी सुचत नाही, ती स्पीकरच्या अंतराची. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं असतात. म्हणजे एका चौकटीच्या वेळात आवाज फक्त १४ मीटर पुढे सरकतो. नदीपलीकडे नायिका उभी आहे, कॅमेरा आणि स्पीकर अलीकडे, मध्ये ४० मीटर अंतर. तिला गाणं जवळजवळ तीन चौकटी उशिरा ऐकू येणार आणि ती तितकीच उशिरा ओठ हलवणार. तिने अगदी अचूक काम केलं तरी पडद्यावर ते चुकलेलं दिसणार. उपाय दोन. एक तर छोटा स्पीकर तिच्या पायाशी, चौकटीबाहेर लपवायचा किंवा कानात छोटं यंत्र घालायचं. नाहीतर संकलनात त्या शॉटचं चित्र तीन चौकटी आधी ओढायचं. दुसरा उपाय एकट्या माणसाला चालतो. पन्नास नर्तक मागेपर्यंत पसरलेले असतील तर पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या क्षणी ऐकतात, आणि ते ओढून सुधारता येत नाही. तिथे मैदानात जागोजागी स्पीकर ठेवावे लागतात.

स्लो मोशनची गंमत तर वेगळीच. पदर हळूहळू उडतोय, केस लाटेसारखे हलताहेत, आणि ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळलेले. हे कसं? समजा ओळ चार सेकंदांची आहे. कॅमेरा सेकंदाला ४८ चौकटींनी, म्हणजे दुप्पट वेगाने चालवला. सेटवर गाणंही दुप्पट वेगाने लावलं. नटीने ती ओळ दोन सेकंदांत, धावत्या ओठांनी म्हटली. दोन सेकंदांत ९६ चौकटी टिपल्या गेल्या. थिएटरमध्ये त्या नेहमीच्या २४ च्या वेगाने दाखवल्या की बरोबर चार सेकंद होतात. ओठ मूळ गाण्याशी जुळले, पण वारा आणि पदर मंद झाले. दुप्पट वेगात शब्द स्पष्ट उच्चारणं फार अवघड जातं, म्हणून बरेच जण दीडपट वेगावर, म्हणजे ३६ चौकटींवर भागवतात. जोडाक्षरांनी भरलेली ओळ असेल तर मी दिग्दर्शकाला आधीच सांगायचो की इथे स्लो मोशन नको.

शास्त्रीय गाण्याचं लिप-सिंक हा सगळ्यांत कठीण प्रकार. ताना ‘आ’कारात असतात, त्यात ओठ मिटायला अक्षरच नाही. मग खरंखोटं कुठे कळतं? जबड्याच्या हालचालीत, गळ्यात, हातात आणि समेवर. समेला मान कधी पडायची हे नटाला माहीत नसेल तर जाणकार प्रेक्षक तिथेच उठून जातो. २०१५ चा ‘कट्यार काळजात घुसली’ या दृष्टीने पुन्हा बघावा असा आहे, कारण त्यात तिन्ही प्रमुख गवय्यांच्या बाबतीत वेगळी व्यवस्था आहे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतः आहेत आणि गळाही त्यांचाच. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, आवाज राहुल देशपांडे यांचा. सदाशिव सुबोध भावे, आवाज महेश काळे यांचा. महादेवन यांचा चेहरा बघितला तर गाणं गळ्यातून निघतंय हे आपोआप दिसतं, कारण शरीराला ती सवय आहे, सेटवर तेही रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरच ओठ हलवत असले तरी. बाकी दोघांना ती सवय बाहेरून आत आणावी लागली. तान घेताना त्यांचे हात स्वरांच्या दिशेने कसे जातात ते बघा, त्यात किती तयारी आहे ते समजेल. सुबोध भावे यांनी चार वर्षं आधी ‘बालगंधर्व’मध्ये आनंद भाटे यांच्या आवाजावर हेच काम केलं होतं, आणि भाटे यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पार्श्वगायन लपत नाही ती जागा म्हणजे संवादातून गाण्यात जातानाचा क्षण. संवादाच्या मागे पक्षी, रस्ता, भांड्यांचा आवाज असतो. गाणं सुरू होताच ते सगळं नाहीसं होतं आणि आवाज एकदम गुळगुळीत, बंद खोलीतला होतो. चांगला मिक्सिंग करणारा पहिल्या ओळीखाली पावसाचा किंवा वाऱ्याचा आवाज तसाच चालू ठेवतो आणि हळूहळू काढून घेतो. घाईत केलेल्या सिनेमात हे होत नाही, आणि तिथे डोळे मिटून ऐकलं तरी सांधा कळतो.

मग सेटवरच खरं गाऊन घेता येत नाही का? येतं. २०१२ च्या इंग्रजी ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांनी कॅमेऱ्यासमोरच गायलं. कानात लपवलेल्या यंत्रातून त्यांना पियानो ऐकू येत होता आणि वाद्यवृंद नंतर चढवला. पण ती गाणी संवादासारखी, जवळून घेतलेल्या चेहऱ्यांची आहेत. नाचत, पळत, चार ठिकाणी कपडे बदलत चित्रित होणारं आपलं गाणं तसं घेता येणार नाही, कारण धापा टाकत सूर लागत नाही.

आज मात्र जुनं मुख्य कारण उरलेलं नाही. प्रत्येक वाद्य आणि गळा वेगळ्या ट्रॅकवर असतो. ओळ काय, एकेक शब्द वेगळा गाता येतो आणि हललेला सूर संगणकावर जागेवर आणता येतो. म्हणून फरहान अख्तर, आयुष्मान खुराना, आलिया भट, श्रद्धा कपूर यांनी गायलेली गाणी आली. तरीही बहुतेक गाणी गायकांकडेच जातात, आणि त्यामागे रोजच्या व्यवहाराची कारणं आहेत. गाणं कित्येकदा नट ठरायच्या आधीच तयार होतं. नटाच्या तारखा महाग असतात, त्यातले दोन दिवस स्टुडिओत घालवायचे की चित्रीकरणात, याचं उत्तर निर्मात्यासाठी सोपं आहे. शिवाय गाणं सिनेमाच्या आधी लोकांच्या कानावर पडायचं असतं, तिथे ओळखीच्या गळ्याची किंमत मोठी असते.

कधी कधी अंतिम गायक ठरलेला नसतो आणि चित्रीकरणाची तारीख तर आलेली असते. तेव्हा संगीतकाराचा एखादा साहाय्यक गाऊन ठेवतो, त्याला ‘स्क्रॅच’ म्हणतात, आणि नट त्यावर ओठ हलवतो. नंतर खरा गायक येऊन पडद्यावरचे ओठ बघत गातो. म्हणजे इथे सगळं उलटं झालं, आता गायकाने नटामागे जायचं. त्याने एखादी जागा आपल्या मर्जीने लांबवली की ओठ सुटले. अशा गाण्यांत गायक थोडा बांधल्यासारखा वाटतो, आणि जमेल तिथे मी हे टाळायला सांगायचो. तारीख चार दिवस पुढे गेली तरी चालेल, पण गाणं पूर्ण झाल्यावरच कॅमेरा लावा.